या चुका टाळा: तरुण आणि म्हाताऱ्यांच्या मतांची तुलना करताना

सर्वेक्षणात पन्नाशीतले लोक पंचविशीतल्यांपेक्षा सनातनी दिसले की ‘वय वाढलं की माणूस सनातनी होतो’ असा निष्कर्ष लगेच निघतो. पहिली चूक इथेच होते. एकाच वर्षाच्या आकड्यांत वय आणि जन्माची पिढी यांची गाठ सुटतच नाही, कारण वयाने मोठा तो आधी जन्मलेला असणारच.

मग लोक दोन वर्षांचे आकडे घेतात. समजा, मुलांनी जोडीदार स्वतः निवडावा याला २००४ साली २५-३४ वयोगटातल्या ५० टक्क्यांचा आणि ४५-५४ वयोगटातल्या ३० टक्क्यांचा पाठिंबा होता. २०२४ साली तेच आकडे ७० आणि ५० झाले (सगळे आकडे मानलेले). १९७०-७९ मध्ये जन्मलेले लोक दोन्ही वेळी ५० वरच आहेत. म्हणजे मतं बदलली नाहीत, पिढी बदलली? तसं असू शकतं. पण वयाने पाठिंबा २० ने घटला आणि काळाने सगळ्यांचाच २० ने वाढला, असं मानलं तरी नेमके हेच चार आकडे येतात. वय उणे १०, काळ अधिक १०, पिढी अधिक १० असंही चालतं. आणखी हजारो माणसं विचारून यातून निवड होणार नाही.

दुसरी चूक सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवण्याची. समजा, R या सांख्यिकी सॉफ्टवेअरला मतावर वय, वर्ष आणि जन्मवर्ष या तिन्हींचा परिणाम एकदम काढायला सांगितला:

```
lm(mat ~ age + year + birthyear)
```

जन्मवर्ष हे वर्षातून वय वजा करूनच काढलेलं असेल, तर R शेवटच्या चलासमोर `NA` दाखवतं. क्रम बदला, दुसराच चल गळतो आणि उरलेल्यांचे आकडे बदलतात. जन्मवर्षांचे पाच-पाच वर्षांचे गट केले की `NA` जातो आणि सुटल्यासारखं वाटतं. ही जास्त फसवी अवस्था, कारण आता उत्तर गटांच्या रुंदीवर ठरतं. गट बदलून पाहा. उत्तर डळमळलं तर ते डेटातून आलेलं नाही.

मग करायचं काय? बाहेरून एक गृहीतक आणायचं आणि ते लेखात उघड लिहायचं. वरच्या उदाहरणात ‘वयाने पाठिंबा वाढत नाही’ एवढंच मान्य केलं, तरी काळाचा परिणाम शून्य किंवा त्याहून जास्त आणि पिढीचा जास्तीत जास्त २० अशी मर्यादा मिळते. नेमका आकडा नाही, पण प्रामाणिक पट्टा मिळतो.

कधी कधी असं एक साधं गृहीतकही ठाम उत्तराला पुरतं. अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हेत समलिंगी विवाहाला १९८८ साली सुमारे १२ टक्के आणि २०१८ साली सुमारे ६८ टक्के पाठिंबा होता. वाढ जुन्या पिढ्यांतही झाली, त्यामुळे ‘म्हातारे गेले, तरुण आले’ एवढ्याने ती भागत नाही. इथे वय वाढताना पाठिंबा आपोआप वाढतो असं मानायला कारण नाही; म्हणून काळाचा परिणाम ठामपणे मांडता येतो. फक्त आधी प्रश्नाचे शब्द आणि मुलाखतीची पद्धत दर वर्षी तीच होती का, हे कोडबुकात तपासा.