गेममधली ओळख इनबॉक्सपर्यंत नेताना या चुका टाळा

रात्री साडेदहाला आमचा स्क्वॉड बीजीएमआयवर जमतो. मी, राजारामपुरीतला एक मित्र (शिरोली एमआयडीसीत कामाला) आणि बाकीचे दोघे जे मिळतील ते. एकदा टीममध्ये एक नवा खेळाडू आला. चॅटमध्ये लिहिलं, "थांबा, मी येतो." मित्र दोन मॅच त्याला "भावा, भावा" करत खेळला. तिसऱ्या मॅचला माइक चालू झाला आणि कळलं की ती गडहिंग्लजकडची मुलगी आहे. आपल्या कोल्हापूरकडच्या मुली "मी येतो, मी जातो" म्हणतात हे जन्मापासून ऐकतोय, तरी फसलो.

खरी चूक पुढं झाली. आवाज ऐकल्याबरोबर गड्याचा सूर बदलला. "आवाज लई भारी आहे तुझा" हे त्यानं टीम माइकवर म्हटलं, म्हणजे चौघांच्या कानात. चौथा खिदळला. आता तिनं काय करावं? हसली तर चौथ्यालाही चेव येणार, गप्प बसली तर खेळ बिघडणार. तिनं माइक बंद केला आणि उरलेली मॅच नकाशावर खुणा टाकत खेळली. माणूस माइकवरून खुणांवर आला, तर बऱ्याचदा आपलंच काहीतरी चुकलेलं असतं. नेट गेलं असेल अशी समजूत काढू नये.

मॅचमध्ये चेष्टा चालते, पण ती खेळाची हवी, आणि चौघांना ऐकवता येईल अशी. मित्रानं पुढच्या रात्री तेच केलं. ती पोचिंकीत नॉक झाली, हा धुराचा बॉम्ब टाकून तिला उठवायला गेला आणि स्वतःच आडवा झाला. म्हणाला, "वाचवायला आलो आणि तुझ्याच शेजारी झोपलो की!" ती माइकवर हसली. पुढच्या मॅचला ती त्याची चेष्टा करायला लागली: "आज कुठं झोपणार?" समोरून आपणहून चेष्टा येते, त्याच्याआधी पुढं सरकू नये. एखादी गोड बोलली म्हणजे सूर जुळला असंही नाही, जिंकल्यावर सगळेच गोड बोलतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे थेट नंबर मागणं. तो मागताना आपल्याला दहा आकडे दिसतात, तिला बरंच काही दिसतं. त्यावरून व्हॉट्सॲपचा फोटो निघतो, यूपीआयवर खरं नाव येतं, आणि नंबर एकदा गेला की परत घेता येत नाही. म्हणून पायरी गेमच्या आतलीच घ्यावी. आधी फ्रेंड रिक्वेस्ट, ती स्वीकारली तर गेममधलाच खाजगी चॅट. तिथं जमलं तर डिस्कॉर्ड, कारण तिथं नंबर दाखवावा लागत नाही. इन्स्टाला घरचे फोटो, मैत्रिणी सगळंच उघडं पडतं, तेव्हा ते तिनं सुचवलं तरच.

विचारायचं कधी? मॅच संपून लॉबीत आल्यावर, आणि तेही खाजगी चॅटमध्ये. मित्राचा पहिला मसुदा होता, "तू माझ्याशी पर्सनलवर का बोलत नाहीस?" हा प्रश्न नाही, ही तक्रार आहे. मी खोडायला लावला. शेवटी गेलं ते असं: "तुझ्याशी खेळाच्या बाहेर पण गप्पा मारायला आवडेल. डिस्कॉर्डवर आहेस का? नको वाटलं तर राहू दे, उद्या साडेदहाला खेळायला ये मात्र." नाही म्हटलं तरी खेळ तुटत नाही, हे तिला त्यातच कळलं.

उत्तर कसं वाचायचं? "बघू", "हम्म", किंवा विषय बदलून गाडीचं बोलणं, हे "नाही" असंच धरा. पुन्हा विचारू नका. तिनं ब्लॉक केलं आणि तुम्ही दुसऱ्या आयडीनं गेलात, तर तो चिवटपणा नव्हे. स्पष्ट नकारानंतर पुन्हापुन्हा ऑनलाइन गाठणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागात मोडतं.

वयाचा प्रश्न आधीच मिटवा. बारावीचा क्लास, आई मोबाइल काढून घेते असं काही कानावर आलं तर तिथंच थांबायचं. अठराच्या आतली व्यक्ती असेल तर फक्त खेळ, बाकी काही नाही. आणि यूसी, म्हणजे गेममधलं विकतचं चलन, भेट देऊ नका. भेटीनं समोरच्याला उगाच ओझं वाटतं. उलट ओळख होताच यूसी मागणारा आयडी बहुधा तुमच्या पैशावर डोळा ठेवून असतो.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, डिस्कॉर्डच्या नावासकट. मित्रानं आनंदात लागोपाठ सहा मेसेज टाकायला घेतले, मी फोन काढून घेतला. एकच गेला: "शिफ्ट सुटली. जेवलीस का?"

"जेवलो," तिनं लिहिलं. "तू आज कुठं झोपणार?"