टॅक्सचा नफा दीड लाखानं कमी येत होता, चूक सापडली

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं काम माझ्याकडं आहे, प्रायव्हेट लिमिटेड. पुस्तकात टॅक्सआधीचा नफा १८ लाख. त्यात पुस्तकी घसारा ५ लाख आणि टीडीएस उशिरा भरल्याचं व्याज २० हजार परत मिळवलं, कारण टॅक्सला दोन्ही चालत नाहीत, झाले २३.२० लाख. मग आयकराचा घसारा वजा करायचा, जुन्या ब्लॉकचा ४ लाख आणि नव्या २० लाखाच्या मशीनचा १५ टक्क्यानं ३ लाख, उरले १६.२० लाख. बरोबर वाटलं बघा.

पण रात्री बिलांची फाईल चाळताना इन्स्टॉलेशन रिपोर्ट हातात आला. बिल सप्टेंबरचं, पण मशीन चालू झालं १२ डिसेंबरला! वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला की त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, आणि दिवस मोजायचे वापर सुरू झाल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही. म्हणजे दीड लाखच, नफा १७.७० लाख. कंपनी २२ टक्क्याच्या रेटमध्ये असल्यानं जादा घसाऱ्याचा प्रश्नच नव्हता. राहिलेला दीड लाख बुडत नाही, मशीनचे १८.५० लाख ब्लॉकमधे पुढं जातात आणि पुढच्या वर्षी त्यावर पूर्ण १५ टक्के मिळतात.

आता मी मालकांकडनं बिलासोबत मशीन चालू केल्याचा रिपोर्टपण मागून घेतो.