मॅनेज्ड डेटाबेस घेतला, तरी प्रवेश कोणाला हे तुम्हीच ठरवता

क्लाउड कंपनी डेटा सेंटर आणि हार्डवेअर सांभाळते. व्हर्च्युअल मशीनवर स्वतः पोस्टग्रेस डेटाबेस चालवलात, तर ऑपरेटिंग सिस्टीमचे पॅच तुमच्याकडेच राहतात. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडचं आरडीएस, म्हणजे मॅनेज्ड डेटाबेस, घेतलंत, तर ते काम कंपनीकडे जातं. छोट्या टीमने तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण डेटाबेसपर्यंत कोण पोहोचू शकतं, हे तिथेही तुम्हीच ठरवता. आजच डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपचे, म्हणजे त्याच्या फायरवॉलचे, इनबाउंड नियम उघडा. पोस्टग्रेसच्या 5432 पोर्टसमोर `0.0.0.0/0` दिसलं, तर तो नियम साऱ्या इंटरनेटला आत येऊ देतो. त्याजागी फक्त ॲप सर्व्हरचा सिक्युरिटी ग्रुप द्या आणि `Publicly accessible` हे `No` करा. मग एडब्ल्यूएसच्या रूट खात्याला एमएफए, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, लावा. ते खातं कोणाच्या हाती लागलं, तर डेटाबेस बॅकअपसकट पुसला जाऊ शकतो.