प्रेमाचा संवाद लिहिताना ‘प्रेम’ बाजूला कसं ठेवावं

एक प्रसंग घेऊ. निफाड तालुक्यातलं एखादं गाव, कडाक्याची थंडी, द्राक्षबाग. वैशालीच्या वडिलांची बाग आणि शेजारच्या मळ्यातला निखिल. दोघं लहानपणापासून ओळखतात. रविवारी वैशालीला बघायला पाहुणे येणार आहेत. निखिलला ती हवी आहे आणि तिलाही तो. आजवर कुणीच काही बोललेलं नाही.

पहिल्या खर्ड्यात बहुतेक जण असं लिहितात:

“वैशाली, मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही.”
“मलाही तू आवडतोस निखिल, पण घरच्यांना कसं सांगू?”

यात चूक अशी काही नाही, पण वाचकाला करायला कामच उरत नाही. ही वाक्यं कुठल्याही गावातल्या कुठल्याही दोघांच्या तोंडी चालतील. हाच प्रसंग पायरीपायरीने पुन्हा बांधू.

आधी न बोलायचं वाक्य लिहून काढा

वेगळ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ‘तू हे लग्न करू नकोस.’ निखिलला हे म्हणायचं आहे आणि हे वाक्य कथेत कुठेही येणार नाही. त्याच्याखाली ते न बोलण्याचं कारण लिहा. लाजतो, घाबरतो एवढ्यावर भागत नाही, कारण लाज कुणालाही वाटते. इथलं कारण असं: दोन्ही घरांच्या बागा एका विहिरीच्या पाण्यावर आहेत. शब्द बाहेर पडला आणि बिनसलं, तर दोन घरं बिनसतील. कारण असं ठोस असलं की आडून बोलणं खरं वाटतं. कारणच नसेल तर वाचक वैतागतो, ‘अरे, सांगून टाका की एकदाचं!’

मग दोघांच्या हाताला काम द्या

चहा पिणं, नदीकाठी बसणं ही कामं नव्हेत. खरं काम ते, ज्याला क्रम असतो, शेवट असतो आणि ज्यात एकाचं दुसऱ्यावाचून अडतं. आपल्या प्रसंगात घडांना पेपर लावायचं काम आहे. थंडी वाढली की थॉम्सनसारख्या पांढऱ्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडायला लागतात. त्याला पिंक बेरी म्हणतात आणि असा माल भावात मार खातो. म्हणून घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पिन मारतात. मांडवाखाली हात वर करून एकाने कागद धरायचा, दुसऱ्याने स्टेपलर दाबायचा. मान दुखते, पानांमुळे चेहरे अर्धवट दिसतात आणि दोघांचे हात एकाच घडापाशी असतात. ओळ संपली की निखिल घरी जाणार, एवढं वाचकाला आधीच कळू द्या. पुढचं सगळं त्यावर उभं राहणार आहे.

बोलणं कामाचंच ठेवा

“रविवारी पाहुणे येणारेत म्हणे.”
“हो. अकराला.”
निखिलने कागद गुंडाळून धरला. वैशालीने पिन मारली.
“पुढच्या वर्षी जरा लवकर सुरू करा. थंडी पडायच्या आत.”
“अण्णांना सांग.”
“तुला सांगतोय.”
तिने पुढच्या घडाला हात घातला. कागद आला नाही.
“कागद.”
त्याने दिला. ओळीत चार वेली उरल्या होत्या. वैशालीने नुकत्याच लावलेल्या कागदाची पिन नखाने काढली.
“तिरका बसलाय,” ती म्हणाली.
कागद सरळ होता.

‘पुढच्या वर्षी’ हे बागेबद्दलच आहे, पण पुढच्या वर्षी ती इथे असेल का, हाच प्रश्न त्यात दडला आहे. ‘अण्णांना सांग’ म्हणत ती तो प्रश्न वडिलांकडे, म्हणजे ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्याकडे वळवते. ‘तुला सांगतोय’ हे निखिलचं या प्रसंगातलं सगळ्यात मोठं धाडस. ते दोनच शब्दांत आहे, म्हणून लागतं. त्यावर ती उत्तर देत नाही. ‘कागद’ एवढंच म्हणते.

उत्तर ती हातांनी देते. चार वेली उरलेल्या असताना ती झालेलं काम उसवते. अशी कृती प्रसंगात एकच ठेवा आणि तोंडच्या शब्दांच्या विरुद्ध जाणारी निवडा. दर वाक्याला कुणी थबकलं, कुणी वळून पाहिलं, तर त्यातली एकही लागत नाही. पदराशी चाळा, पाणावलेले डोळे, कानामागे सारलेली बट हे सगळं काढून टाका. या खुणा कुणाच्याही अंगावर बसतात. पिन उसवणं फक्त या बागेत, याच ओळीत घडू शकतं.

‘कागद सरळ होता’ हे वाक्य मात्र ठेवायलाच हवं. ते गेलं तर ती नुसती नीटनेटकं काम करणारी मुलगी ठरते. आणि त्यापुढे ‘तिला त्याच्यासोबत आणखी थोडा वेळ हवा होता’ असं लिहिलंत, तर सगळं मुसळ केरात. वाचकाला घडलं ते द्या, त्याचा अर्थ त्याचा त्याला लावू द्या.

तिसरं माणूस आणून पाहा

समजा, अण्णा ओळीच्या टोकाला आले. आतापर्यंत तिच्या बोलण्यात सहज ‘तू’ होता. आता ती म्हणते, “कागद पुरतील का?” यात तू नाही, निखिलही नाही. आपल्या घराघरांत हे चालतं: संबोधन टाळायचं असलं की माणसं वाक्यच असं फिरवतात की नावाची गरज पडू नये. काही लपवायचंच नसतं तर तिने बिनधास्त “निखिल, कागद बघ रे” म्हटलं असतं. तुमच्या प्रसंगात अहो-जाहो असेल तर ते कुणासमोर टिकतं आणि कुणासमोर गळतं, यावर बारीक नजर ठेवा.

दोन चाचण्या

पाहुण्यांचा उल्लेख असलेली पहिली दोन वाक्यं झाका आणि उरलेला संवाद वाचा. तो बऱ्यापैकी रूक्ष, शेतीचा वाटला पाहिजे. तरीही गोड-गोड वाटला, तर भावना शब्दांत सांडली आहे, ती काढा. दडलेला अर्थ परिस्थितीतून यायला हवा, आवाजातून नाही. ‘हळुवारपणे म्हणाली’, ‘कातर स्वरात विचारलं’ हेही इथेच गाळायचं. नुसतं ‘म्हणाली’ पुरतं.

मग पूर्ण प्रसंग एखाद्याला वाचायला द्या. ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. ‘रविवारी काय होईल?’ असं विचारा. ‘पाहुणे येतील, पोहे खातील’ असं उत्तर आलं तर प्रसंग फार झाकला गेला. अशा वेळी संवादाला हात लावू नका. आधीची माहिती वाढवा, ओळ संपल्यावर तो जाणार हे जास्त ठळक करा. ‘ती नाही म्हणेल बहुतेक’ किंवा ‘बिचारी हो म्हणेल’ असं काही आलं, तर जमलं.

याला मर्यादाही आहे. सगळी कथाच अशी आडून बोलत राहिली तर वाचक दमतो आणि पात्रं भित्री वाटू लागतात. दोन-तीन प्रसंग झाकून लिहिल्यावर कुणाला तरी किंमत मोजायला लावावी लागते. तेव्हाही लांबलचक कबुलीची गरज नसते, पण परत फिरता येणार नाही असं काहीतरी घडायला हवं. रविवारी अकराला निखिल त्या ओटीवर येतो की नाही, आणि वैशाली पाहुण्यांसमोर त्याला कशी हाक मारते, हे कागदावर स्पष्ट दिसलंच पाहिजे. तो प्रसंग गाळून कथा संपवू नका.