जाड भिंतीपलीकडच्या टीव्हीला वायरने नेट द्यायचंय? आधी हे बघून ठेवा

ही यादी लिहितोय कारण पहिल्या खेपेला मी या कामाची माती केली होती. राउटर एका खोलीत, टीव्ही शेजारच्या खोलीत आणि मध्ये पावणेदोन फुटांची दगडी भिंत. राउटरपाशी मोबाइलवर ९० एमबीपीएसच्या आसपास स्पीड यायचा, टीव्हीपाशी सहा-सात. सिनेमा लावला की आधी चित्र धूसर व्हायचं, मग ती गोल चकरी. वैतागून पॉवरलाइन ॲडॉप्टरची जोडी आणली. हे दोन छोटे डबे घरातल्या विजेच्या वायरीतूनच नेट पलीकडे नेतात. लावले आणि स्पीड आला अकरा! तीन आठवडे मी जुन्या वायरिंगच्या नावाने बोटं मोडत होतो. वायरिंगचा काही दोष नव्हता. दोष कुठे होता ते खाली येईलच, आणि एकदाच येणार नाही.

सगळ्यात आधी मोजा, खरेदीचं नंतर. फोन टीव्हीच्या पाठीशी धरून स्पीड बघा. सोफ्यावर बसून मोजलेला आकडा कामाचा नाही, वाय-फायचा अँटेना टीव्हीत असतो. फोरके सिनेमाला २५ एमबीपीएस पुरतात. राउटर दाराच्या रेषेत सरकवून टीव्हीमागे ४० मिळत असतील आणि संध्याकाळीही टिकत असतील, तर पुढचं काही वाचू नका. जाड दगडातून सिग्नल जवळजवळ जात नाही, तो दाराच्या पोकळीतून वळसा घालून येतो. म्हणून राउटर दोन हात सरकवल्यानेही कधीकधी काम होतं. माझं झालं नाही.

टीव्हीला मागे लॅन पोर्ट आहे ना, तेही वाकून बघा. बहुतेक टीव्हींचा हा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, अगदी महागड्या टीव्हींचासुद्धा. राउटरच्याच खोलीतल्या टीव्हीला वाय-फायवर याहून जास्त स्पीड मिळू शकतो, पण आपली भांडणं भिंतीशी आहेत. भिंतीपलीकडे न हलणारे ९० मिळाले तर तक्रारीला जागा नाही. मात्र यामुळे भारीतली केबल आणून उपयोग शून्य. कॅट ५ई घ्या, १०० मीटरपर्यंत गिगाबिट पेलते. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, निखळ तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमची तार वाकवताना तुटते आणि मग कुठे तुटली ते शोधत बसावं लागतं.

आता ठरवायचं की केबल न्यायची की पॉवरलाइन लावायची. केबलला वाट असेल तर केबलच. पॉवरलाइन ही नाइलाजाची गोष्ट आहे, दुकानदार काहीही सांगो. वाट शोधताना जुन्या टेलिफोनचा किंवा केबल टीव्हीचा पाइप भिंतीतून गेलाय का ते आधी बघा. बऱ्याच घरांत तो रिकामा पडलेला असतो. जुनी वायर ओढून काढताना तिच्याच टोकाला नवी केबल बांधायची, म्हणजे एक बाहेर येताना दुसरी आत जाते. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र ही केबल घालायची नाही. व्यत्ययापेक्षा मोठी भीती शॉकची आहे. विजेच्या वायरीचं आवरण कुठे सोललं, तर तीच वीज टीव्हीच्या पोर्टात येईल.

पाइप नसेल तर भोक. केबल जेमतेम सहा मिलिमीटर जाड असते, पण टोकाचा प्लग जवळजवळ १२ मिलिमीटर रुंद. तयार प्लगवाली केबल आणलीत तर १६ मिलिमीटरचं भोक लागेल. नुसती केबल आणून पलीकडे प्लग बसवलात तर आठचं पुरतं. दगडी भिंतीत हा फरक छोटा नाही. ड्रिलचा बिट भिंतीच्या जाडीपेक्षा लांब हवा, हे सांगायला नको, पण मोजून घ्या. दगडी भिंत बाहेरून दिसते त्याहून गिलाव्यासकट चार बोटं जास्त भरते. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी तिथूनच जातात. प्लग बसवताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीमध्ये निळी जोडी येते, हात तिथेच चुकतो.

भाड्याचं घर, घरमालकाचा नकार, किंवा भिंतच अशी की ड्रिलने हात टेकावेत, तर मग पॉवरलाइन. आणि इथे माझं ऐकाच. ॲडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा. एक्स्टेन्शन बोर्डावर नाही, स्पाइक गार्डवर नाही, यूपीएसवर तर नाहीच नाही. हे पाकिटातल्या कागदावरही लिहिलेलं असतं आणि मीही ते वाचलं होतं. टीव्हीकडचा ॲडॉप्टर मी इमानदारीत भिंतीत लावला, त्यासाठी टीव्हीचं टेबल सरकवलं, पाठ धरली. राउटरकडचा ॲडॉप्टर मात्र राउटरशेजारीच, त्याच स्पाइक गार्डवर खोचून दिला, कारण तिथे जागा होती आणि सगळं तिथेच होतं. माझ्या डोक्यात अडचण टीव्हीकडे होती, म्हणून काळजी फक्त टीव्हीकडची घेतली. ॲडॉप्टर दोन असतात. दोन्ही भिंतीत. राउटरकडचासुद्धा.

कारण ऐका, म्हणजे पटेल. घरातली वीज ५० किंवा ६० हर्ट्झची. पॉवरलाइनचा डेटा त्याच तारांवर साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये धावतो, नव्या ॲडॉप्टरमध्ये त्याहूनही वर. स्पाइक गार्डच्या आत विजेतला झटका आणि वरची खरखर गिळणारे भाग बसवलेले असतात, आणि मेगाहर्ट्झमधलं जे काही येईल ते त्याला खरखरच वाटतं. त्याच्या लेखी तुमचा सिनेमा म्हणजे कचरा. यूपीएसचंही तेच. साध्या बोर्डात असा फिल्टर नसला तरी शेजारी खोचलेले मोबाइलचे चार्जर आपली खरखर त्यात ओतत असतात. त्यामुळे राउटर खुशाल यूपीएसवर ठेवा, वीज गेली तरी चालेल, पण त्याच्याजवळचा ॲडॉप्टर यूपीएसवर किंवा स्पाइक गार्डच्या पट्टीवर नको.

सॉकेट एकच असेल तर? तेव्हा ज्याच्या तोंडावर आणखी एक सॉकेट दिलेला असतो असा ॲडॉप्टर घ्या. भिंतीत ॲडॉप्टर, ॲडॉप्टरमध्ये स्पाइक गार्ड, त्यावर बाकी सगळं. हाच क्रम, उलटा नाही. या ॲडॉप्टरच्या आत खालच्या उपकरणांची खरखर अडवणारा फिल्टर असतो, म्हणजे ती पट्टी उलट आपल्या फायद्याची होते. त्यावर लिहिलेल्या ॲम्पिअरपेक्षा जास्त भार टाकू नका, म्हणजे हीटर वगैरे तिथे नको.

मी राउटरकडचा ॲडॉप्टर पट्टीवरून काढून मागच्या भिंतीत लावला तेव्हा बाकी काहीही बदललं नव्हतं. तेच ॲडॉप्टर, तीच वायरिंग, तीच संध्याकाळ. अकराचे अठ्ठावन्न झाले. मी दोनदा परत पट्टीवर लावून बघितलं, विश्वास बसेना म्हणून.

खरेदीआधी आणखी दोन गोष्टी. घरात थ्री-फेज जोडणी असेल तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. वेगळ्या फेजवर सिग्नल कधी कसाबसा पोहोचतो, कधी पोहोचतच नाही. आणि जोडी एकत्रच घ्या. होमप्लग आणि जी.एचएन ही दोन वेगळी मानकं आहेत, एकाचा डबा दुसऱ्याशी बोलत नाही. खोक्यावर १००० लिहिलं असलं तरी तो आकडा विसरा, प्रत्यक्षात त्याचा छोटासा भाग मिळतो, आणि टीव्हीला तेवढा पुरतो.

दोन्ही डबे आधी एकाच खोलीत, शेजारशेजारच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून जुळवा. एकाचं बटण दाबायचं, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. हे टाळू नका. नवे होमप्लग डबे सगळे एकाच ठरावीक नावाने येतात, त्यामुळे वायरिंग कुठे जुळलेली असेल तर शेजारच्याचा डबाही तुमच्यात शिरू शकतो.

चाचणी टीव्हीवर नको, लॅपटॉपवर. टीव्हीकडच्या ॲडॉप्टरला लॅपटॉप जोडा आणि त्याचं वाय-फाय बंद करा, नाहीतर वाय-फायच मोजत बसाल. दोन संगणकांमधला स्पीड मोजणारा iperf3 हा प्रोग्रॅम वापरा: राउटरला वायरने जोडलेल्या संगणकावर `iperf3 -s` चालू ठेवा आणि लॅपटॉपवर हे:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 60 -R
```

पत्ता अर्थात तुमच्या त्या संगणकाचा. `-R` म्हणजे डेटा लॅपटॉपकडे येतो, टीव्हीचा प्रवाहही त्याच दिशेने असतो. सरासरीवर जाऊ नका, एकेका सेकंदाच्या ओळी वाचा. ५० ची सरासरी आणि मध्येच तीन सेकंद शून्य, म्हणजे चकरी दिसणारच. पंखे, फ्रिज, चार्जर चालू असताना संध्याकाळी मोजा, एकेक बंद करून पुन्हा मोजा, दोषी सापडतो. माझ्याकडे तो एक दिव्याचा डिमर निघाला, आठ-दहा एमबीपीएस खात होता. आकडा अगदीच पडलेला असेल तर डिमर वगैरे शोधण्याआधी राउटरकडे जा आणि तो ॲडॉप्टर कशात खोचलाय ते डोळ्यांनी बघा. आठवणीवर विसंबू नका, घरातल्या कुणीतरी झाडू मारताना हलवलेला असतो.

बाकीचं पटापट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्क वायर्ड करा आणि वाय-फाय विसरायला लावा, काही टीव्ही गुपचूप त्यावरच राहतात. आयपी पत्ता `169.254` ने सुरू होत असेल तर टीव्हीला राउटर दिसतच नाहीये. तेव्हा केबल, मग जोडीची बटणं. राउटरमध्ये टीव्हीचा पत्ता आधी बांधून ठेवला असेल तर पुन्हा बांधा, वायरचा मॅक पत्ता वेगळा असतो. टीव्ही बंद असताना ॲडॉप्टरचे दिवे विझले तर घाबरू नका, ते झोपतात. राउटरकडच्या सॉकेटवर मी चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय: हा इथून काढू नये.