इंग्रजी बोलण्याचा कॅरोसेल करताय? या चुका टाळा

इन्स्टाग्रामवर एकापाठोपाठ सरकवत बघायच्या स्लाइड्सची पोस्ट म्हणजे कॅरोसेल. त्यात एका स्लाइडवर रोजच्या वापरातलं एक वाक्य आणि खाली उच्चाराची एक टीप, हा साचा मला मनापासून आवडतो. माझ्या संभाषणवर्गातली मुलं असे कॅरोसेल सेव्ह करून ठेवतात. काही जण स्वतःही बनवतात आणि टाकण्याआधी मला तपासायला पाठवतात. तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्यातल्या दोन चुकांनी शिकणाऱ्याचं खरंच नुकसान होतं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

अख्खं वाक्य देवनागरीत उतरवून देणं

वर इंग्रजी वाक्य, खाली त्याचाच देवनागरी उतारा, आणि त्यालाच "उच्चार" असं नाव. नवशिक्याला हे सोयीचं वाटतं, कारण लगेच वाचता येतं. पण तो ते मराठीसारखं वाचतो. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत तसं नाही. एका वाक्यात दोन-तीन शब्द वजनदार असतात आणि मधले बारके शब्द इतके आखडतात की त्यांचा स्वरच बदलतो. देवनागरी उताऱ्यात यातलं काहीच दिसत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीची नोकरीसाठी फोनवर मुलाखत होती. पलीकडची बाई परदेशातली. सगळं छान पार पडलं, आणि शेवटी तिने विचारलं की सोमवारपासून रुजू व्हाल का. मुलीने एका स्लाइडवरून पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "आय कॅन जॉइन ऑन मंडे." दुसऱ्या दिवशी मेल आला की सोमवार तुम्हाला जमत नाहीये असं समजलं, तर कोणता दिवस सोयीचा पडेल ते कळवा. पोरगी रडकुंडीला आली. मी तिला तेच वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. "कॅन" हा शब्द तिने सगळ्यात जोरात, लांबवून म्हटला होता आणि त्यानंतर किंचित थांबली होती. "जमेल" हे ठासून सांगायचं म्हणून तिने त्याच शब्दावर जोर दिला होता.

इंग्रजी कानाला त्याचा अर्थ उलटा लागतो. "कॅन्ट" या नकारार्थी रूपातला शेवटचा ट बोलताना बऱ्याचदा गिळला जातो, अमेरिकन बोलण्यात तर फारच. त्यामुळे ऐकणारा ट शोधत बसत नाही, वजन ऐकतो. शब्द आखडता आला तर होकार, भरदार आला तर नकार. आपण होकाराच्या शब्दावर जोर दिला की पलीकडे नकार पोचतो.

ही स्लाइड मी अशी करून घेतली. वाक्य तेच ठेवलं. "जॉइन" आणि "मंडे" ठळक, बाकीचे शब्द फिक्या करड्या रंगात. खाली एकच टीप: "कॅन" म्हणू नका, झटकन "कन्" म्हणा, "आयकन्" हा एकच शब्द असल्यासारखा, आणि जोर "जॉइन"वर. बस, एवढंच. नकारासाठी वेगळी स्लाइड: "आय कान्ट जॉइन ऑन मंडे." इथे जोर "कान्ट"वर आणि स्वर आ. हा ब्रिटिश उच्चार आपल्याकडे रुळलेला आहे आणि त्यामुळे होकाराशी गल्लत होत नाही. पलीकडे अमेरिकन माणूस असेल तर मी मुलांना सरळ "कॅनॉट" म्हणायला लावते. थोडं औपचारिक वाटलं तरी चालेल, निरोप तर नीट पोचतो.

याला एक मर्यादा आहे आणि ती स्लाइडवर यायलाच हवी. वाक्य त्या शब्दावरच संपत असेल, म्हणजे "येस, आय कॅन" असं नुसतं उत्तर असेल, तर तिथे पूर्ण "कॅन"च म्हणायचं. तिथे आखडून चालत नाही.

देवनागरी वापरूच नका असं मी म्हणत नाही. ज्या एका शब्दाबद्दल टीप आहे तेवढा शब्द लिहा आणि उरलेलं वाक्य ऐकू द्या. इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलमध्ये फोटोंच्या जोडीला व्हिडिओही टाकता येतो. पाच-सहा सेकंदांची क्लिप पुरते: वाक्य एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगाने. आवाज नसलेली उच्चाराची टीप मी परत पाठवते.

हिंदी कॅरोसेलमधल्या टिपा उचलणं

ही चूक तर सर्रास होते. हिंदीतला एखादा गाजलेला कॅरोसेल घ्यायचा, "है"चं "आहे" करायचं आणि टाकून द्यायचा. पण उच्चाराची टीप तोंडाच्या सवयीवर अवलंबून असते आणि मराठी तोंडाच्या सवयी वेगळ्या आहेत.

"इस्कूल म्हणू नका, स्कूल म्हणा" ही टीप बघा. स्वयंपाक, स्नान, स्थळ असले शब्द आपण जन्मापासून बोलतो. सुरुवातीच्या जोडाक्षराआधी इ लावायची खोड आपल्यात सहसा नसते. म्हणजे ती स्लाइड वाया गेली. दुसरं, हिंदीत "कैन", "थैंक" असं लिहितात. मराठी माणूस ऐ हा अइ असा वाचतो, म्हणून नवशिका "कइन" वाचतो. आपल्याकडे ॲ आणि ऑ ही अक्षरं असताना ही उसनवारी कशासाठी? आणि झेडचा आवाज दाखवायला ज खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, देऊन केलेली टीप तर मराठी वाचकाला डाग पडल्यासारखी दिसते.

त्या नुक्त्याच्या जागी जी खरी मराठी टीप हवी, ती मला अजून कुठल्याच तयार कॅरोसेलमध्ये सापडलेली नाही. झेडचा आवाज मराठी माणसाला जवळजवळ फुकट मिळालेला आहे. "रोज" म्हणा, "गाजर" म्हणा. तो ज थोडा मोकळा सोडला, जीभ वर दाबली नाही, की झेड तयार. म्हणून "प्लीज"चा शेवट आपल्याला सोपा जातो. अडचण पुढे इ किंवा ई आली की सुरू होते. "माझा" म्हणून लगेच "माझी" म्हणून बघा. जीभ जागा बदलते, आवाज "जीवन"मधल्या ज च्या बाजूला जातो. हीच सवय इंग्रजीत शिरते आणि "बिझी", "ईझी", "इज इट" या शब्दांत झेडऐवजी "जीवन"मधला ज ऐकू येतो.

म्हणून या आवाजासाठी माझी ठरलेली स्लाइड आहे: "आयॅम अ बिट बिझी राइट नाउ." हे वाक्य दिवसातून एकदा तरी लागतंच. टीप अशी: "रोज"मधल्या ज ने "बिज्" म्हणा, तो ज मधमाशीसारखा दोन सेकंद गुणगुणत ठेवा आणि जीभ न हलवता शेवटी ई जोडा. सुरुवातीला "बिज्ज्ज्-ई" असं विचित्र वाटेल. मग हळूहळू मधलं अंतर कमी करा. जमलं की नाही हे ओळखायला कान देऊन ऐका. गुणगुण ई पर्यंत सलग राहिली तर जमलं. मध्ये आवाज अडून फुटला तर जीभ टाळूला चिकटली.

व चंही असंच आहे. आपण व्ही हा आवाज व्ह असा लिहितो, आणि वाचणारा "व्हायचं"मधला श्वासाचा ह त्यात घालतो. इंग्रजी व्हीमध्ये ह नाही. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर ठेवून आवाज घासत काढायचा. डब्ल्यूमध्ये दातांचा संबंधच नाही. ओठांचा ऊ करायचा आणि तिथून सरकायचं: "वेट" म्हणजे "ऊएट". आपला मराठी व या दोघांच्या मध्ये पडतो, म्हणून दोन्हीकडे गोंधळ होतो. यासाठी दोन स्लाइड्स करा आणि त्या शेजारी ठेवा. "वुईल वेट आउटसाइड"मध्ये फक्त डब्ल्यू, "आयॅम लीव्हिंग ॲट सेव्हन"मध्ये फक्त व्ही. आरशात बघून म्हणायला सांगा. पहिल्या वाक्यात "वुईल" आणि "वेट" या शब्दांच्या सुरुवातीला दात ओठाला लागले तर पुन्हा म्हणा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

एका स्लाइडवर तीन टिपा नकोत. वाचणारा तिन्ही वाचतो आणि एकही करत नाही.

वाक्य असं निवडा जे त्या माणसाला खरंच इंग्रजीत बोलावं लागतं. मंडईत भाजीवाल्याशी कोणी इंग्रजी बोलत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या भावाची स्लाइड कोणाच्याच कामाची नाही. फोनवर नीट ऐकू आलं नाही, मीटिंगला उशीर होतोय, कार्डने पैसे देता येतील का, ही वाक्यं लागतात.

शेवटी "टेबल" दिसतं म्हणून "कम्फर्टेबल" आणि "व्हेजिटेबल" लिहू नका. ते "कम्फ्टबल्" आणि "व्हेज्टबल्" असे आखडतात, आणि दोन्हींत जोर पहिल्या अक्षरावर.

"वर्क्ड"च्या शेवटी ड नाही, ट आहे. "कॉल्ड"ला ड आहे. "वॉन्टेड"ला मात्र "इड". हे एकाच स्लाइडवर कोंबू नका, तीन वाक्यं करा.

इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये स्लाइड्सची मर्यादा १० वरून २० केली, म्हणून वीस भरायच्या असं नाही. मी एका कॅरोसेलमध्ये एकच आवाज घ्यायला लावते आणि सहा-सात वाक्यांवर थांबवते. फाडफाड इंग्रजीची घाई असलेल्यांना हे कमी वाटतं. त्यांना मी सांगते की आधी या सात वाक्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, मग पुढचं मागा. पाठवणारे थोडेच असतात, आणि ज्यांचा उच्चार सुधारतो ते त्यांच्यातलेच असतात.

आणि फॉन्ट. बरेच देखणे देवनागरी फॉन्ट हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि त्यांत ॲ नसतो. मग त्या जागी चौकट दिसते किंवा चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं. फॉन्ट ठरवण्याआधी "ॲप, ऑफिस, व्हॅन, दुसऱ्या" हे चार शब्द टाइप करून बघा. "दुसऱ्या"मधला र नीट आला नाही तरी फॉन्ट बदला. आणि इमेज सेव्ह केल्यावर ती फोनवर उघडून पुन्हा तपासा, कारण कॉम्प्युटरवर बरोबर दिसलेली जोडाक्षरं एक्सपोर्ट करताना तुटलेली मी पाहिली आहेत.