एम्प्रेस आणि एम्परर एकत्र आले? संसाराच्या स्प्रेडमधल्या या चुका टाळा

घरात कोण काय करतं, कोणावर किती लोड आहे, असा प्रश्न घेऊन टॅरोचा लग्नाचा स्प्रेड टाकला, म्हणजे ठरलेल्या जागांवर कार्डं मांडली, आणि त्यात एम्प्रेस न एम्परर दोन्ही पडले की समोरची ताई लगेच म्हणते, अय्या, ही मी आणि हे आमचे हे! आणि नवीन रीडर पण खूश होऊन जातो, कारण कसं, राणी आली राजा आला, रीडिंग आपोआप झालं. इथेच सगळं गडबडतं.

आधी एक गोष्ट चेक करा, जी कोणी करत नाही. नवीन डेक नंबरवारी लावलेला असतो, एम्प्रेस ३ नंबर, एम्परर ४ नंबर, म्हणजे दोघं एकमेकांना चिकटूनच बॉक्समधून बाहेर येतात. ७८ कार्डांतून पाच काढली तर हे दोघं सोबत पडायचा चान्स साधारण तीनशेत एक आहे. तर तुमच्याकडे दर चार-पाच रीडिंगला हीच जोडी येऊन राहिली असेल आणि ती पण शेजारी-शेजारी, तर त्यात संकेत-बिंकेत काही नाही बाप्पा, तुमचं शफल कच्चं आहे. हातातल्या हातात वर-खाली केलं की गठ्ठेच्या गठ्ठे तसेच राहतात. सगळी कार्डं टेबलावर उपडी पसरवा, दोन्ही हातांनी गोल-गोल नीट कालवा, मग गोळा करा. (उलटं कार्ड वाचत असाल तर त्यासाठीही हीच पद्धत बरी, कार्डं खरंच फिरतात.)

बाई म्हणजे एम्प्रेस, माणूस म्हणजे एम्परर: ही सगळ्यात महागात पडणारी चूक

रोल्सच्या स्प्रेडमध्ये कोण हे जागा सांगते, आणि काय हे कार्ड सांगतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्ध्या चुका तिथेच संपतात. एम्प्रेस म्हणजे घरातलं जपायचं, वाढवायचं, खाऊपिऊ घालायचं, कोणाचं मन सांभाळायचं काम. १९०९ च्या राइडर-वेट डेकमध्ये पामेला कोलमन स्मिथने तिला गाद्या-उशांवर बसवलंय, पायाशी पिकलेलं गव्हाचं शेत, मागे झाडं आणि पाणी, शेजारी शुक्राचं चिन्ह असलेली ढाल. एम्परर म्हणजे नियम, वेळापत्रक, पैशाची हद्द, शेवटचा निर्णय. तो दगडी सिंहासनावर, त्यावर मेंढ्याची चार डोकी, मागे कोरडे डोंगर, आणि लाल झग्याखाली नीट बघा, चिलखत घातलेलं आहे, घरात बसून पण लढाईच्या तयारीत. ही दोन प्रकारची कामं आहेत, आणि कुठल्याही घरात दोन्ही कामं दोघांपैकी कोणाच्याही वाट्याला येऊ शकतात.

एक केस घेऊ म्हणजे समजेल. मानेवाड्याकडचं जोडपं, दोघं नोकरीवाले, घरी सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. ताईचा प्रश्न होता, "हे घरात काहीच पाहत नाहीत, मी एकटीच मरून राहिली, असं काऊन?" स्प्रेड पाच कार्डांचा. पहिली जागा, मी काय उचलते. दुसरी, तो काय उचलतो. तिसरी, देवाणघेवाण कशी चालते. चौथी, कोणाला न दिसणारं ओझं. पाचवी, कुठून बदलायचं. पडलं काय, तर तिच्या जागी एम्परर, त्याच्या जागी एम्प्रेस, मध्ये सिक्स ऑफ पेन्टॅकल्स, चौथ्या जागी टेन ऑफ वॉन्ड्स, पाचव्या जागी थ्री ऑफ पेन्टॅकल्स.

यावर आधी एका रीडरने तिला सांगितलं होतं की तुमच्या घरात एनर्जी उलटी झालीय, तुम्ही पुरुषासारख्या वागता, थोडं नमतं घ्या, त्यांना त्यांची जागा द्या. बिचारी आधीच दमलेली, त्यावर हा सल्ला. कार्ड तसं काही म्हणतच नाही.

एम्परर तिच्या जागी आहे म्हणजे घराची यंत्रणा तिच्या डोक्यात चालते. तिला विचारत गेलं तर भराभर निघालं. किराण्याची यादी तिची, कामवाल्या बाईचा पगार आणि खाडे तिच्या लक्षात, ट्यूशनची फी, सासूबाईंच्या गोळ्या कधी संपतात ते, आणि एप्रिल लागायच्या आधी कूलर खाली काढून त्याच्या ताट्या बदलायला माणूस सांगायचा ते पण तीच. आणि नवरा? तो मुलीला अभ्यासाला घेऊन बसतो, आईजवळ तासभर बसून तिचं ऐकतो, रविवारी सगळ्यांना गरम-गरम खाऊ घालतो. म्हणजे "काहीच करत नाहीत" हे खरं नव्हतं, तो एम्प्रेसचं काम करत होता, मनापासून करत होता, पण एम्प्रेस जशी गादीवर टेकून बसलीय तसं, घड्याळ न पाहता. कूलरमध्ये पाणी भर म्हटलं तर भरणार, पण टाकी रिकामी झाली हे बघणं तिचं काम. कार्डांत भांडण दिसत नव्हतं, बघणं एकीकडे आणि करणं दुसरीकडे एवढंच दिसत होतं.

आता मधलं कार्ड. सिक्स ऑफ पेन्टॅकल्समध्ये एक माणूस तराजू धरून उभा, आणि दोघं गुडघ्यावर हात पसरून. बरेच जण याला दानधर्म, मदत असं गोड वाचतात. रोल्सच्या प्रश्नात तराजू कोणाच्या हातात आहे ते बघा. इथे तराजू तिच्याकडे, काम ती वाटून देते, तो घेतो, आणि वाटायचं काम कोणी मोजतच नाही, म्हणून चौथ्या जागी टेन ऑफ वॉन्ड्स, दहा काठ्यांत तोंड खुपसून चाललेला माणूस, गाव समोर आहे पण दिसत नाही त्याला. पाचवं कार्ड थ्री ऑफ पेन्टॅकल्स, एक कारागीर आणि त्याच्यासमोर नकाशा धरून दोघं जण. म्हणजे बसून नकाशा समोर ठेवा आणि एक अख्खं खातं द्या, नुसतं काम नको. त्यांनी कूलर, पाणी आणि कामवाली बाई हे पूर्ण त्याच्याकडे दिलं, आठवण करून देणं पण बंद. कूलर एक-दोनदा कोरडा पडला, गरम हवा खाल्ली सगळ्यांनी, ठीक आहे, तेवढी किंमत आहे त्याची.

"दोघं सोबत आले म्हणजे आदर्श जोडी"

नाही हो. दोघं बसलेले आहेत, आपापल्या सिंहासनावर, दोघांकडे स्वतःचा राजदंड. दोन पूर्ण राज्यं शेजारी-शेजारी आहेत एवढंच कळतं, त्यांच्यात ये-जा आहे का ते ही कार्डं सांगत नाहीत. ते बाकीच्या कार्डांत शोधायचं. टू ऑफ कप्स किंवा टेम्परन्स जवळ असेल तर काहीतरी इकडून तिकडे वाहतंय. फोर ऑफ पेन्टॅकल्स मध्ये बसलं असेल तर कोणीतरी पैसा नाहीतर हक्क घट्ट धरून बसलंय. आणि सगळी बाकीची कार्डं तलवारीची असतील तर राज्यं दोन आहेत आणि सीमेवर चकमक सुरू आहे.

याच्यातच एक मजेशीर चूक होते, "बघा, दोघं एकमेकांकडे पाहतच नाहीत!" अहो राइडर-वेटमध्ये ते दोघं समोर, आपल्याकडे तोंड करूनच बसवलेत, तुमच्या संसारासाठी स्पेशल तोंड फिरवलं नाही. नजरेवरून वाचायचं असेल तर मार्सेय हा जुना फ्रेंच डेक घ्या, तिथे एम्परर एका बाजूला वळलेला आहे आणि ३ आधी ४ नंतर असे ठेवले की तो तिच्याकडे बघतो, उलट क्रमाने पडले की पाठ होते. डेक बदलला की नियम बदलतो, व्हिडिओत ऐकलेलं कुठल्या डेकचं होतं ते आधी बघा.

उलटी एम्प्रेस आणि घाईचे निष्कर्ष

उलटी एम्प्रेस आली की काही रीडर थेट मूलबाळ, गर्भधारणा यावर जातात. प्रश्न भांडी आणि हिशोबाचा, आणि उत्तर कोणाच्या तब्येतीवर! हे करूच नका, ती गोष्ट डॉक्टरची. रोल्सच्या स्प्रेडमध्ये उलट्या एम्प्रेसचे दोनच अर्थ जास्त कामाचे: एकतर जपणारा माणूस आटलाय, किंवा तो इतकं जपतोय की समोरच्याला काही करूच देत नाही. कोणता, हे कसं ओळखायचं? शेजारी फोर ऑफ सोर्ड्स, नाइन ऑफ वॉन्ड्स असलं दमलेलं कार्ड असेल तर पहिला. क्वीन ऑफ पेन्टॅकल्स किंवा टेन ऑफ पेन्टॅकल्ससारखं भरलेलं कार्ड असूनही घुसमट सांगितली जात असेल तर दुसरा. कार्डावरून ठरत नसेल तर सरळ विचारा, "तुम्ही दोन दिवस माहेरी गेलात तर घरी काय होतं?" उत्तरात लगेच कळतं.

उलटा एम्पररही तसाच, कधी खुर्ची रिकामी असते, निर्णय कोणीच घेत नाही, कधी नुसते नियम असतात आणि हात काहीच लावत नाही. पण एक सांगते, समोरची बाई घाबरलेली असेल, पैसे काढून घेतात, फोन चेक करतात, हात उचलतात असं काही बोलली, तर त्याला "एम्परर एनर्जी जास्त झालीय" म्हणून बॅलन्स करायचे उपाय द्यायचे नाहीत. कार्डं बाजूला, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्यायचा, आणि ऐकून घ्यायचं. तो प्रश्न रोल्सचा राहतच नाही.

प्रश्नच तिरका असेल तर

"हे कधी सुधारतील?" यावर हा स्प्रेड टाकला की दोन्ही मोठी कार्डं असून रीडिंग हवेत जातं, कारण पहिल्याच जागेपासून सगळं त्याच्यावर ढकललेलं असतं. प्रश्न बदलून घ्या: आमच्या घरात कोणतं काम कोणाच्या डोक्यात अडकलंय? सासू-सासरे सोबत राहत असतील तर एक सहावी जागा वाढवा, मोठ्यांचा वाटा म्हणून. नाहीतर एम्परर नवऱ्याच्या जागी पडतो आणि वाचताना सारखं वाटत राहतं की काहीतरी जुळत नाही, कारण घरातला शेवटचा शब्द सासऱ्यांचा असतो आणि नवरा फक्त निरोप्या.

आणि पटलं नाही म्हणून वरून एक, अजून एक कार्ड काढत बसू नका. परत टाकायचाच असेल तर दोन-तीन महिन्यांनी, काहीतरी प्रत्यक्ष बदलून झाल्यावर, आणि तेव्हा आधी पहिली आणि चौथी जागा बघा. ओझ्याच्या जागी हलकं कार्ड आलं पण पहिल्या जागी पुन्हा एम्परर किंवा तराजूवाली जस्टिस बसली असेल, तर तिने काम दिलंय, निर्णय अजून स्वतःकडेच ठेवलाय.